‘खात्री करावी’ म्हणजे नेमकं काय करावं?

सकाळी ७.२०

एसटीने पुणे सोडलं की माझं काम सुरू होतं. मांडीवर चार पानांचा कागद आहे, ‘पगार वितरण फाईल : कार्यपद्धती’. साताऱ्याकडच्या एका शिक्षण संस्थेला पगाराचं सॉफ्टवेअर देणाऱ्या इंजिनिअरने तो लिहिलाय. अनुदानित शिक्षकांचे पगार सरकारच्या ‘शालार्थ’मधून निघतात. पण विनाअनुदानित तुकड्यांचे शिक्षक, वसतिगृहातली माणसं, चालक, शिपाई अशा २१२ जणांचे पगार संस्था स्वतः करते. सॉफ्टवेअरमधून एक फाईल काढायची आणि ती बँकेच्या पोर्टलवर चढवायची, की २१२ खात्यांत पैसे जातात. आजवर हे काम इंजिनिअर फोनवरून करून घेत असे. आता कार्यालयाने ते आपलं आपण करायचं आहे.

कागद मराठीत आहे आणि त्यात चुकीचं असं काही नाही. तरीही गेल्या महिन्यात तो समोर ठेवून फाईल चढवली, तेव्हा नऊ जणांचे पगार परत आले. म्हणून मला बोलावलंय. इंजिनिअरने लिहिलेलं कार्यालयातल्या माणसाला करता येईल असं लिहून देणं, हे माझं काम.

पहिल्या वाचनात मी अवघड शब्दांना हात लावत नाही. पेन्सिल घेते आणि फक्त क्रियापदांखाली रेघ ओढते. पान २ वर हे वाक्य आहे :

“एक्स्पोर्ट केलेल्या सीएसव्ही फाईलमधील नोंदी अचूक असल्याची खात्री करून फाईल पोर्टलवर अपलोड करावी व ऑथराइज करावी. सदर अपलोड आयडेम्पोटंट नाही.”

खात्री करावी, अपलोड करावी, ऑथराइज करावी. आपल्या कार्यालयीन मराठीला ‘करावी’ फार प्रिय आहे, कारण त्यात कोणी करावी हे सांगावं लागत नाही. इथे मात्र तेच सांगायला हवं. फाईल चढवणारा एक आणि मंजूर करणारा दुसरा, अशी बँकेची व्यवस्था आहे. दोघांचे लॉगिन वेगळे. एका वाक्यात दोन माणसांची कामं आहेत आणि माणूस एकही नाही. मी समासात लिहिते, ‘कोण?’ ‘खात्री करावी’च्या समोर लिहिते, ‘कशी?’ आणि शेवटच्या छोट्या वाक्यासमोर, ‘म्हणजे?’

सकाळी १०.१५

हिशेब विभागात तीन टेबलं. पगार बघणाऱ्या ताई, जुने वरिष्ठ लिपिक भाऊसाहेब आणि चार महिन्यांपूर्वी लागलेली एक मुलगी. शिपाईमामा चहा ठेवून जातात. मी ताईंना सांगते, “मला काही समजावून सांगू नका. गेल्या महिन्यात केलंत तसंच पुन्हा करा. मी शेजारी बसते.” जुन्या महिन्याची फाईल एका वेगळ्या फोल्डरमध्ये काढून घेतो, म्हणजे खऱ्या कामाला धक्का नको.

ताई फोल्डर उघडतात. आत `salary_bank` नावाच्या दोन फाईली दिसतात. एक बँकेची, एक कार्यालयाच्या माहितीसाठी काढलेला एक्सेलचा तक्ता. कागदात लिहिलंय, ‘.xlsx नव्हे, .csv फाईल घ्यावी’. पण पडद्यावर नावापुढे ना हे आहे ना ते. विंडोज ओळखीच्या फाईलींची शेपटी मुळात लपवूनच ठेवतं. इंजिनिअरने आपल्या मशीनवर ती कधीच दिसती करून घेतली असणार, त्यामुळे ती लपलेली असते हे त्याच्या लक्षातही नाही. दोन्हींची चित्रं हिरवी, एकमेकांसारखी. ताईंनी अंदाजाने एक उचलली. ती बरोबर होती, हे नशीब.

पुढची पायरी नोंदी तपासण्याची. ताईंनी फाईलवर दोनदा क्लिक केलं, ती एक्सेलमध्ये उघडली. खाते क्रमांकाच्या स्तंभात `1.23457E+12` असं काहीतरी दिसत होतं. ताई म्हणाल्या, “हे असंच येतं. मी ते नीट करून घेते.” त्यांनी स्तंभ निवडला, त्याला ‘नंबर’ केलं, दशांश काढून टाकले. आकडे सरळ दिसू लागले. मग `Ctrl+S`.

नऊ पगार परत का आले, ते इथे माझ्यासमोर घडलं. गंमत अशी की ताई हलगर्जीपणा करत नव्हत्या. कागदाने सांगितलेली खात्रीच करत होत्या.

सकाळी ११.००

मी ती फाईल नोटपॅडमध्ये उघडते आणि सॉफ्टवेअरमधून ताजी काढलेली दुसरी शेजारी ठेवते. खरे आकडे इथे देता येणार नाहीत, म्हणून बनावट नोंद घेऊ. मूळ फाईलमधली ओळ अशी :

```
1,TEST ONE,001234567890123,ABCD0123456,18500.00
```

एक्सेलमधून जाऊन आलेली ओळ अशी :

```
1,TEST ONE,1234567890123,ABCD0123456,18500
```

खाते क्रमांकाच्या सुरुवातीची दोन शून्यं गेली. एक्सेलला तो क्रमांक वाटलाच नाही, ती त्याला एक मोठी संख्या वाटली. संख्येच्या पुढच्या शून्याला किंमत नसते, म्हणून त्याने ती टाकली. पण खाते क्रमांक हा बेरीज-वजाबाकीचा आकडा नव्हे, ते एका खात्याचं नाव आहे, फक्त अंकांत लिहिलेलं. त्याच्यातलं शून्यही नावातलं अक्षर आहे.

सोळा अंकी खात्यांचं याहून वाईट होतं. एक्सेल कोणत्याही संख्येचे पहिले १५ अंकच सांभाळतं. त्यापुढच्या जागी शून्य घालतं. `1234567890123456` टाकलं की `1234567890123450` होतं. लांबी बरोबर, दिसायला ठीक, शेवटचा अंक मात्र चुकीचा. परत आलेल्या नऊंपैकी सात खाती शून्याने सुरू होणारी निघाली आणि दोन सोळा अंकी. परत आले हेच बरं. एनईएफटीत पैसे खाते क्रमांकावरून जमा होतात. बदललेल्या क्रमांकाचं खातं दुसऱ्या कोणाचं असतं, तर ते परत मागत बसावं लागलं असतं.

भाऊसाहेब चष्मा वर करून विचारतात, “मग इंजिनिअर साहेबांचं कधी चुकलं नाही ते?”

हाच प्रश्न मला त्याला विचारायचा आहे.

सकाळी ११.४०

फोन. तो तिशीचा मुलगा आहे. आमचं हे तिसरं काम, त्यामुळे मी त्याला अरे-तुरे करते.

“नोंदी तपासताना तू फाईल कशात उघडतोस?”

“नोटपॅडमध्ये, मॅडम. एक्सेलमध्ये कोण उघडेल? वाट लागते तिची.”

“हे कागदात कुठे आहे?”

थोडा वेळ शांतता. “लिहायचं राहिलं. पण ते तर माहीतच असतं ना?”

त्याचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. सायकल चालवणाऱ्याला तोल कसा सांभाळतो हे सांगता येत नाही, तसंच हे. हाताला सवय झालेल्या गोष्टी कागदावर उतरत नाहीत. म्हणून मी त्याला ‘समजावून सांग’ असं कधी म्हणत नाही. तो काय करतो, डोळे कुठे नेतो, कशावरून पुढे जातो, एवढंच विचारते.

“खात्री झाली हे तुला कशावरून कळतं?”

“ओळी मोजतो. आणि एकूण रक्कम पगारपत्रकाशी जुळवतो.”

“पोर्टल मध्येच अडकलं तर?”

“थांबतो. स्टेटसमध्ये बघतो. परत चढवत नाही, नाहीतर डबल पेमेंट. लिहिलंय की मी, आयडेम्पोटंट नाही म्हणून.”

म्हणजे सगळ्या कागदातला सर्वांत महागडा धोका एका शब्दात बसवलेला होता, तोही काम उरकल्यानंतरच्या ओळीत. मी ताईंना विचारलं, पडदा अडकला तर काय कराल? त्या म्हणाल्या, “पुन्हा चढवीन. एकदा तसं केलं तर नाव आधीच आहे म्हणून घेईना, मग नावापुढे दोनचा आकडा टाकला होता.” त्या वेळी पहिल्या फाईलचं नावच तेवढं नोंदलं गेलं होतं, आतल्या नोंदी पोचल्याच नव्हत्या, म्हणून निभावलं. पोचल्या असत्या आणि दोन्ही फाईली मंजूर झाल्या असत्या, तर २१२ जणांना दोन-दोन पगार गेले असते.

दुपारी १.१५

डबा. माझ्यासाठी कामाइतकाच उपयोगी वेळ, कारण जेवताना माणसं आपले शब्द वापरतात. इथे कोणी ‘अपलोड’ म्हणत नाही, ‘चढवली’ म्हणतात. सीएसव्हीला ‘बँकेची फाईल’ आणि तक्त्याला ‘आपली फाईल’. पगारपत्रकाच्या शेवटच्या पानावरच्या बेरजेला ‘खालची बेरीज’. मंजूर करतात ते रजिस्ट्रार साहेब, त्यांच्या कामाला ‘साहेबांचं बोट’.

नव्या कागदात हेच शब्द येतील. ‘बोट’ सोडून, कारण नवीन माणसाला ते कळणार नाही. माझा एक नियम मात्र मोडत नाही : पडद्यावर जे लिहिलेलं असतं ते जसंच्या तसं, इंग्रजीत, त्याच अक्षरांत. बटणावर `Upload` असेल तर कागदावर ‘आरोहण’ही नको आणि ‘अपलोड’ही नको. माणूस कागदावरचा शब्द पडद्यावर शोधत असतो. तो वाचता आला नाही तरी आकारावरून जुळला पाहिजे.

दुपारी २.००

आता लिहिणं. ‘आयडेम्पोटंट नाही’ हे पहिल्या पानावर, पहिल्या पायरीच्याही आधी, चौकटीत जातं :

“एकच फाईल दोनदा चढली तर पगार दोनदा जातो. पडदा अडकला, नेट गेलं, काहीही झालं तरी दुसऱ्यांदा चढवू नका. फाईलचं नावही बदलू नका. पायरी १४ वाचा.”

इशारा पायरीच्या नंतर लिहिला तर तो वाचेपर्यंत हात पुढे गेलेला असतो.

मग ‘खात्री करून’ हे दोन शब्द सोडवायला घेते. त्यांच्या पोटातून पाच पायऱ्या निघाल्या :

४. (ताई) फोल्डरच्या वरच्या पट्टीत `View` वर जाऊन `File name extensions` समोर खूण करा. नावांच्या शेवटी `.csv` आणि `.xlsx` दिसू लागेल. ही खूण एकदाच करायची.

५. (ताई) `salary_bank.csv` वर उजवं क्लिक करा, `Open with` मधून `Notepad` निवडा. दोनदा क्लिक करू नका. त्याने फाईल एक्सेलमध्ये उघडते आणि खाते क्रमांक बिघडतात.

६. (ताई) पगारपत्रकातली कोणतीही तीन नावं घ्या. त्यांतलं एक शून्याने सुरू होणाऱ्या खात्याचं असू द्या. खाते क्रमांक अंक-अंक जुळवा.

७. (ताई) त्याच तिघांचा आयएफएससी बघा. एकूण ११ अक्षरं, पाचवं नेहमी शून्य. तिथे इंग्रजी ‘ओ’ दिसला तर थांबा.

८. (ताई) ओळी मोजा : `Ctrl+End` दाबा आणि पडद्याच्या तळाशी `Ln` पुढचा आकडा बघा. तो २१३ असला पाहिजे.

प्रत्येक पायरीत तीन गोष्टी आहेत. कोणी करायचं, काय करायचं आणि झालं हे कशावरून कळेल. तिसरी सगळ्यात जास्त राहून जाते. इंजिनिअर पुढे जातो, कारण पडद्यावर काय दिसायला हवं ते त्याच्या डोळ्यांना ठाऊक असतं. कार्यालयातला माणूस ‘झालं असेल’ म्हणून पुढे जातो.

पायरी ६ मध्ये ‘सर्व खाते क्रमांक तपासा’ असं लिहायचा मोह मी टाळला. २१२ क्रमांक दर महिन्याला कोणी जुळवत नाही; तसं लिहिलं की पायरी नुसती वाचली जाते. फाईल एक्सेलने बिघडवली असेल तर शून्याने सुरू होणारं एक खातं बघितलं तरी ते उघड होतं. एखाद्याचाच क्रमांक मुळात चुकीचा नोंदला असेल, तर तो या तपासणीत सापडणार नाही. ती तपासणी खातं पहिल्यांदा नोंदवताना, पासबुकावरून व्हायला हवी. तसं मी कागदात स्पष्ट लिहिते.

दुपारी ३.४५

परीक्षा. माझी आणि कागदाची. ताईंना बसवून उपयोग नाही, त्या सकाळपासून सगळं ऐकताहेत. चार महिन्यांपूर्वी लागलेल्या मुलीला बसवते. पोर्टलवर सरावाची सोय नाही, म्हणून आठव्या पायरीपर्यंत खरं काम आणि पुढे गेल्या महिन्याच्या पडद्यांचे छापील फोटो. तिला म्हणते, “मनातलं मोठ्याने बोल. मी उत्तर देणार नाही, रागावू नकोस.” गप्प बसणं हा या धंद्यातला सगळ्यात अवघड भाग. ती अडली की ओठांवर आलेलं उत्तर गिळावं लागतं, कारण महिनाअखेरीला मी तिच्या शेजारी नसणार.

चौथी पायरी पार झाली. पाचवी झाली. आठव्या पायरीला ती थांबली.

“मॅडम, २१४ दिसतंय. कागदात २१३ आहे. एक माणूस जास्त आलाय का?”

मी गप्प. ती पुन्हा पगारपत्रक उघडते, माणसं मोजते, २१२ भरतात. पुन्हा फाईल बघते. सहा मिनिटं गेली. शेवटी म्हणाली, “मी तर आता थांबले असते आणि फोन केला असता.”

चूक माझी होती. २१२ माणसं आणि वर स्तंभांच्या नावांची एक ओळ, म्हणून मी २१३ लिहिलं. पण सॉफ्टवेअर शेवटच्या ओळीनंतरही एंटर देतं. त्यामुळे `Ctrl+End` दाबलं की कर्सर खालच्या रिकाम्या ओळीवर जातो आणि नोटपॅड २१४ दाखवतं. इंजिनिअरला मी सकाळी ‘ओळी मोजतोस’ एवढंच विचारलं, मोजलेला आकडा किती येतो ते विचारलं नाही. दुसऱ्याच्या कागदातली ‘खात्री करावी’ मी दिवसभर सोडवत होते आणि माझी स्वतःची मात्र केलीच नव्हती. पायरी आता अशी झाली : “`Ln` पुढचा आकडा माणसांपेक्षा २ ने जास्त असतो. २१२ माणसं असतील तर २१४. वेगळा आला तर फाईल चढवू नका.” माणसांची संख्या दर महिन्याला बदलेल, म्हणून नुसता आकडा देऊन चालणार नव्हतं, हेही तेव्हाच लक्षात आलं.

दुसऱ्यांदा ती अडली फाईल चढवल्यावर. फोटोत `Pending Authorisation` लिहिलेलं बघून ती म्हणाली, “पेंडिंग म्हणजे गेली नाही ना? परत चढवू?” चौकटीतला इशारा तिने वाचला होता. तरी ‘पेंडिंग’ या शब्दाने तिला खेचलं, कारण आपल्याकडे पेंडिंग म्हणजे अडकलेलं. इथे त्याचा अर्थ नेमका उलटा : फाईल पोचली, आता साहेबांची पाळी. पायरी १२ मध्ये भर पडते : “`Pending Authorisation` दिसलं म्हणजे तुमचं काम पूर्ण झालं. बाहेर पडा आणि रजिस्ट्रार साहेबांना कळवा.”

साहेबांसाठी पायरी १३ : पोर्टलवर दिसणारी नोंदींची संख्या आणि रक्कम पगारपत्रकाच्या खालच्या बेरजेशी जुळवा, मगच मंजूर करा. पोर्टल `3864350.00` असं सलग लिहितं आणि पगारपत्रकात ३८,६४,३५० असतं, म्हणून दोन्ही रूपं शेजारी-शेजारी छापली. स्वल्पविरामाशिवाय लाखाचा आकडा वाचताना भल्याभल्यांची जीभ अडखळते.

संध्याकाळी ५.००

इंजिनिअरला सुधारलेला मसुदा पाठवते आणि एकच काम सांगते : शब्द बदलू नकोस, चुकीचं असेल तेवढं दाखव. अर्ध्या तासात त्याचा फोन.

“मॅडम, ती पाचवी पायरी वाचून एक सुचलं. पोर्टल `.txt` फाईलपण घेतं. आतला मजकूर हाच. मी सॉफ्टवेअरमधून `.txt` म्हणूनच काढून दिली तर? मग दोनदा क्लिक केलं तरी नोटपॅडमध्येच उघडेल.”

मला याहून जास्त काही नको होतं. कितीही नीट लिहिलेली पायरी एखाद दिवशी चुकतेच. नसलेली पायरी चुकत नाही. पण हा बदल तपासून, बँकेकडून पक्का करून यायला त्याला दोन-तीन आठवडे लागतील, आणि पगार त्याआधी आहे. तोवर कागदच.

संध्याकाळी ५.५०

जाण्याआधीचं शेवटचं काम म्हणजे जुने कागद गोळा करणं. एक ताईंच्या टेबलाच्या काचेखाली, एक भाऊसाहेबांच्या फाईलीत, एक संगणकावर डेस्कटॉपवर. काचेखालच्या कागदावर ताईंनी पेनाने लिहून ठेवलं होतं : ‘नंबर करून सेव्ह करणे’. चुकीची पद्धत अशी काचेखाली जाऊन बसली की वर्षानुवर्षं तिथेच राहते. तिन्ही काढले. नव्या कागदावर वर तारीख आणि ‘आवृत्ती २’, खाली दोन नावं : कागदात शंका आली तर कोणाला विचारायचं आणि फाईल अडकली तर कोणाला.

आधीच्या कागदात चार पानांत ११ पायऱ्या होत्या. आता तीन पानांत १४ आहेत. नवी फाईल आली की चौथी आणि पाचवी पायरी खोडायची, आणि त्या दिवशी काचेखालचा कागदही बदलायचा. हे मी भाऊसाहेबांच्या डायरीत त्यांच्याच हाताने लिहवून घेतलं आणि एसटी स्टँडकडे निघाले.